उघड्या आभाळाखालची थंडी

पौषातल्या निरभ्र पहाटे हळर्णच्या नदीकाठी उतरले, की एक गोष्ट नुसत्या डोळ्यांनी दिसते. वायंगणी मळ्यातली मिरची, अळसांदे, तांबडी भाजी दंवाने निथळत असतात. त्याच मळ्याच्या बांधावर फणसाच्या सावलीत उगवलेले रोप मात्र कोरडे असते. दोघांनाही तीच रात्र मिळाली, तीच हवा लागली. मधले अंतर जेमतेम दहा पावलांचे. एकाच्या डोक्यावर उघडे आभाळ होते, दुसऱ्याच्या डोक्यावर फणस होता, एवढाच फरक.

पेडणे महालात थंडीची लाट येत नाही म्हटले तरी चालेल. पूर्वेला सह्याद्री उभा आहे आणि पश्चिमेला रात्रभर ऊब सोडणारा समुद्र आहे. उत्तरेचा गार वारा इथवर पोचेपर्यंत त्याची धार गेलेली असते. जानेवारीत पणजीचे किमान तापमान सरासरीने २० अंशांच्या आसपास असते. पहाटे शाल घ्यावी लागते, काजूला मोहोर धरतो, आंब्याला बरे जाते, आणि थंडीशी आपला संबंध तिथेच संपतो. म्हणूनच दर डिसेंबरात दिल्ली, चुरू, अमृतसर, निफाड इथल्या बातम्या येतात तेव्हा आपण आकडा वाचतो आणि पान उलटतो. पण फणसाखालच्या कोरड्या रोपात जे दिसते, तेच निफाडच्या द्राक्षबागेत, जुन्नरच्या माळावर बसलेल्या मेंढरांत आणि दिल्लीच्या फुटपाथवर झोपलेल्या माणसात घडत असते. तिथे फक्त त्याची किंमत फार मोठी असते.

दंव वरून पडत नाही. पृथ्वीवरची प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर फेकत असते. दिवसा ऊन त्याहून जास्त परत देते, म्हणून ते जाणवत नाही. रात्री आभाळ स्वच्छ असेल, हवेत बाष्प कमी असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते आणि आभाळाकडून फारच थोडी परत येते. अशा रात्री उघड्या जमिनीचा एक चौरस मीटर साधारण ६० ते ९० वॅट उष्णता गमावतो. झोपलेला माणूस सगळ्या शरीरातून जेवढी उष्णता निर्माण करतो, जवळजवळ तेवढीच ही झाली. जमीन गार होते, पान त्याहून आधी गार होते, कारण पान पातळ असते आणि त्याच्या पोटात उष्णतेचा साठा नसतो. पानाला टेकलेली हवा गार झाली, की तिच्यातले बाष्प थेंबांच्या रूपाने पानावर बसते. फणसाखालच्या रोपाला आभाळ दिसतच नाही, त्याला फणसाची पाने दिसतात. ती पाने जवळजवळ त्याच्याइतकीच उबदार असतात आणि जेवढी उष्णता घेतात तेवढीच परत देतात.

म्हणून अशा रात्री पान किंवा गवत भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी, कधी त्याहूनही जास्त, गार असू शकते. पुढची सगळी गोष्ट या तीन-चार अंशांची आहे.

*

हवामान खाते तापमान मोजते ते पानाचे नव्हे, हवेचे. वेधशाळेच्या आवारात पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची एक लाकडी पेटी असते, स्टीव्हनसन पेटी. तापमापक तिच्यात जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतो. वरून छप्पर, चहूकडून झडपा, दार उत्तरेकडे, म्हणजे ऊनही थेट लागत नाही आणि आभाळही दिसत नाही. जगभरातल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या तर अशी पेटी हवीच. पण या पेटीतला तापमापक फणसाखालच्या रोपासारखा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पेटीत ४ अंश असताना बाहेर गवतावर शून्य असू शकते. 'तापमान ४ अंश आणि दवबिंदू गोठले' अशी बातमी वाचून कोणाला ती अतिशयोक्ती वाटते, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

थंडीची लाट ठरवायची व्याख्या याच पेटीतल्या आकड्यावर उभी आहे. सपाटीवरच्या ठिकाणी किमान तापमान आधी १० अंश किंवा त्याखाली उतरले पाहिजे. ती अट पुरी झाली, की त्या तारखेच्या तिथल्या सरासरीशी तुलना करतात. सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली असेल तर थंडीची लाट, ६.५ किंवा त्याहून अधिक खाली असेल तर तीव्र लाट. दुसरी वाटही आहे. सरासरी काहीही असो, सपाटीवर पारा ४ अंश किंवा त्याखाली गेला की लाट, २ किंवा त्याखाली गेला की तीव्र लाट. आणि हे एका ठिकाणी एक रात्र घडून भागत नाही. हवामानाच्या एका उपविभागात निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस ते घडावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

हिशेब समजावा म्हणून एक उदाहरण मनाने घेऊ. एखाद्या गावी डिसेंबरअखेरचे सरासरी किमान तापमान साडेदहा अंश धरा. एका पहाटे पारा ५.८ वर आला. दहाच्या खाली आहे, सरासरीपेक्षा ४.७ ने कमी आहे, म्हणजे लाट. आता राजस्थानातले एक गाव घ्या, जिथे सरासरीच ७ अंश आहे. तिथे पारा ४.२ वर आला तर तो पहिल्या गावापेक्षा दीड अंशाहून अधिक गार आहे, तरी सरासरीपासून फक्त २.८ ने ढळला आहे आणि चारच्या खाली उतरलेला नाही. म्हणून तिथे लाट नाही. यात चूक नाही. रोज सात अंश सोसणाऱ्या गावातली घरे, गोठे, पिके, कपडे त्या थंडीला सरावलेले असतात, त्यामुळे नेहमीपेक्षा किती ढळले हे बघणे योग्यच आहे. किनाऱ्यासाठी वेगळी मोजपट्टी आहे, कारण किनाऱ्यावर पारा दहापर्यंत जवळजवळ कधीच येत नाही. तिथे सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी घसरण आणि पारा १५ किंवा त्याखाली, अशा दोन्ही अटी लागतात. पणजीत उद्या १५.४ नोंदले गेले तर लोक कुडकुडतील, पण लाट म्हणता येणार नाही.

उत्तरेच्या मैदानात आणखी एक प्रकार असतो, 'शीत दिवस'. गंगेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत दाट धुके दिवसचे दिवस हटत नाही. धुके रात्री आभाळ झाकते, त्यामुळे पहाटेचा पारा फार खाली जात नाही, पण तेच धुके दिवसा ऊन अडवते. किमान तापमान १० किंवा त्याखाली आणि दिवसाचे कमाल तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून जास्त कमी, असा तो दिवस. ३० डिसेंबर २०१९ ला दिल्लीत सफदरजंगला दिवसभरात पारा ९.४ च्या वर चढला नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत डिसेंबरमधला तो सर्वांत थंड दिवस ठरला. घर असणाऱ्याला पहाटेच्या दोन-तीन तासांची थंडी बाधते. रस्त्यावर राहणाऱ्याला असा दिवस जास्त बाधतो, कारण ओली गोधडी वाळायला ऊन नाही आणि रात्रभर आखडलेले अंग सैल करायला दुपारही नाही.

*

महाराष्ट्रात थंडीचे गाव म्हणजे निफाड. नाशिकच्या पूर्वेला, गोदावरी आणि कादवा यांच्या खोऱ्यातला हा सपाट, खोलगट तालुका. याच दोन नद्यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय आहे. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे आणि थंडीच्या बातम्यांतला निफाडचा आकडा तिथला असतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर तिथे १.८ अंश नोंदले गेले आणि जानेवारी २०२० मध्ये २.४. गव्हाला ही थंडी मानवते, तिच्यात फुटवे चांगले येतात. गव्हाच्या संशोधनासाठी ही जागा सोयीची आहे ती त्यामुळेच. पण आज तालुक्याची ओळख द्राक्षांची आहे, आणि द्राक्षाला या आकड्याची धास्ती असते.

म्हापशाच्या बाजारात फेब्रुवारीत येणारी द्राक्षे ज्या पट्ट्यांतून येतात, त्यांत नाशिकचा पट्टा मोठा आहे. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. डिसेंबर-जानेवारीत बऱ्याच बागांतल्या मण्यांत पाणी उतरत असते, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ होऊ लागतो आणि साखर भरू लागते. लाट नेमकी तेव्हा आली तर दोन प्रकारे नुकसान होते. पहिले मणी तडकण्याचे. गार जमिनीत मुळे मंदावतात, पानांतून बाष्प उडणे थांबते, मण्याची साल ताणलेली असते, आणि पहाटेच्या गारठ्यानंतर ऊन चढताना ती फुटते. एक मणी फुटला की त्याचा रस शेजारच्या मण्यांवर येतो, त्यावर बुरशी धरते आणि घड वाया जातो. दुसरे नुकसान गुलाबी मण्यांचे, बागाईतदार ज्याला 'पिंक बेरी' म्हणतात. थॉमसनसारख्या पांढऱ्या जातीत, दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाका अशी मोठी तफावत पडली की मण्यावर गुलाबी छटा येते. चवीत फरक फारसा नसतो, पण निर्यातीचा माल म्हणून तो घड जात नाही. म्हणून पाणी उतरण्याच्या आधी घडांना कागद गुंडाळतात. कागद घड आणि आभाळ यांच्या मध्ये येतो आणि दिवसाचे थेट ऊनही तोडतो. हजारो घडांना एकेक करून कागद बांधणे किती मजुरीचे काम आहे, ते त्या दिवसांत बागेत उभे राहिल्यावर कळते.

लाटेच्या रात्री निफाडकडे पहाटे बागांतून शेकोट्या दिसतात. त्यांचा उपयोग होतो, पण धुरामुळे होतो अशी सर्वसाधारण समजूत आहे, ती बरोबर नाही. ओला पालापाचोळा पेटवून मुद्दाम दाट धूर करणारे पुष्कळ आहेत. धुराचे कण अतिशय बारीक असतात. ते आपली नजर अडवतात, पण जमिनीतून निघणाऱ्या लांब लहरींच्या उष्णतेला ते फारसे अडवत नाहीत. सकाळी तोच धूर ऊन अडवतो आणि बाग उबायला आणखी उशीर लावतो. काम करते ती आगीची ऊब. निवांत रात्री जमिनीलगतची हवा सर्वांत गार असते आणि पाच-दहा मीटर वर तीन-चार अंशांनी उबदार हवेचा थर असतो. लहान लहान शेकोट्यांची ऊब त्या थराखालीच खेळत राहते आणि वरची उबदार हवा खाली ओढते. मोठा जाळ केला तर त्याची गरम हवा थर फोडून सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी कडेची गार हवा बागेत ओढली जाते. म्हणून बांधावर दोन मोठे जाळ करण्यापेक्षा ओळींमधून विखुरलेल्या वीस लहान शेकोट्या बऱ्या, कोरड्या लाकडाच्या, आणि पारा सर्वांत खाली जातो त्या पहाटेच्या चार ते सूर्योदयापर्यंतच्या वेळी. वारा सुटला असेल तर हा उपाय उपयोगाचा नाही.

दुसरा उपाय पाण्याचा. कोरडी, भुसभुशीत जमीन उष्णता साठवत नाही. ओली, दबलेली जमीन दिवसाचे ऊन खोलवर घेते आणि रात्रभर ते सोडत राहते. म्हणून लाटेचा इशारा आला की आदल्या दिवशी हलके पाणी देतात, आणि बागेत तेव्हा खुरपणी-नांगरणी करत नाहीत. मणी मऊ होत असताना पाण्याचा मारा जास्त झाला तर तडकणे वाढते, त्यामुळे इथे हात राखावा लागतो.

तुषार सिंचनाचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तो नीट समजल्याशिवाय तोटी उघडू नये. एक लिटर पाणी गोठताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता सोडते, आणि पानावर बर्फाचा पातळ थर धरत असेपर्यंत पान शून्याच्या आसपासच राहते, त्याखाली जात नाही. पण एक लिटर पाणी वाफ होऊन उडते तेव्हा त्याच्या सातपटीहून जास्त उष्णता घेऊन जाते. म्हणजे फवारा चालू असताना पीक वाचते, आणि वीज गेली म्हणून तो पहाटे पाचला बंद पडला तर ओली पाने उघड्या पानांपेक्षा अधिक गार होतात. रात्री वीज टिकेल याची खात्री नसेल तर फवारा सुरूच न करणे शहाणपणाचे.

जागेचाही भाग असतो. गार हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने वाहत खोलगट भागात जाऊन साचते. एकाच शेतकऱ्याच्या वरच्या तुकड्यात काही होत नाही आणि ओढ्याकाठच्या तुकड्यात पाने करपतात, ते यामुळे. उत्तरेचा वारा अडवायला लावलेली शेवरीची किंवा गिरिपुष्पाची दाट रांग उताराला आडवी असेल, तर ती वाऱ्याच्या दिवशी उपयोगी पडते आणि निवांत रात्री गार हवेला बांध घालते. त्या रांगेच्या बुडाशी जागोजाग फट ठेवली पाहिजे. लाटेचे दोन टप्पे इथे ध्यानात घ्यावे लागतात. पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला, की हिमालयातल्या बर्फावरून आलेले कोरडे वारे मैदानात उतरतात. पहिले एक-दोन दिवस वाऱ्याचा तडाखा असतो. मग वारा पडतो, आभाळ धुतल्यासारखे होते, आणि खरा कडाका त्यानंतरच्या रात्री पडतो. पहिल्या टप्प्यात आडोसा हवा, दुसऱ्यात छप्पर.

*

जनावरांच्या बाबतीत महाराष्ट्रातली अलीकडची सर्वांत वाईट घटना थंडीच्या लाटेत घडलीच नाही. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला पुणे, नगर, नाशिक भागात अवकाळी पाऊस झाला आणि सोबत गार वारा होता. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या पट्ट्यात त्या दोन रात्रींत मेंढरे आणि शेळ्या मोठ्या संख्येने मेल्या. एकट्या पुणे जिल्ह्यात हा आकडा हजारावर गेला. आभाळ ढगाळ होते, पारा व्याख्येतल्या आकड्यांपर्यंत उतरणे शक्यच नव्हते. तरी जनावरे थंडीनेच मेली.

मेंढीची लोकर तिच्या केसांत अडकलेल्या हवेमुळे ऊब धरते. लोकर भिजली की त्या हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेपेक्षा पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यावर वारा लागला, की भिजलेल्या मेंढीसाठी १५ अंशसुद्धा जीवघेणे ठरतात. नुकती कातरलेली मेंढी, दिवस भरत आलेली मेंढी आणि आठवडाभराचे कोकरू आधी जातात. मेंढपाळ रात्री शेतात वाडा बसवतात, वाघुरीचे जाळे लावून कळप आत घेतात. त्या जाळ्याला वरून छप्पर नसते आणि अचानक आलेल्या पावसात दोनशे जनावरे हलवायला जागाही नसते. ताडपत्री असेल तर ती बहुधा माणसांच्या पालावर असते. वाऱ्याच्या बाजूला वाघुरीला ताडपत्रीचा पाच फूट उंच आडोसा बांधणे आणि कोकरांपुरते छप्पर करणे, एवढे जरी त्या रात्री जमले असते तर पुष्कळ जीव वाचले असते असे मला वाटते. पण मेंढपाळ गावचा रहिवासी नसतो. गावच्या मंदिराचा किंवा शाळेचा ओटा त्याच्या कळपाला मिळेल, अशी व्यवस्था आपल्याकडे नाही.

गोठ्यातल्या जनावरांचे निराळे. गाय-म्हैस चारा पचवते तेव्हा तिच्या पोटातल्या आंबवण्यातून भरपूर ऊब निघते, त्यामुळे लाटेत संध्याकाळी कडबा किंवा भुसा थोडा जास्त घालणे हा सर्वांत स्वस्त हीटर आहे. म्हशीला केस विरळ असतात, तिला गाईपेक्षा थंडी लवकर लागते. नव्या वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजला पाहिजे, कारण अंगात ऊब निर्माण करायला त्याच्याजवळ दुसरे इंधन नसते. ओले वासरू पोत्याने खसखसून पुसावे, पोटाखाली कोरडा पेंढा घालावा, पाठीवर गोणपाटाची झूल बांधावी. वासराच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड आतून गार लागले आणि ते बोट चोखत नसेल, तर त्याचे तापमान उतरले आहे हे समजावे आणि आधी ऊब, मग दूध हा क्रम ठेवावा. गार पडलेल्या वासराला बळेच दूध पाजले तर ते पचत नाही, ठसका लागून श्वासनळीतही जाते.

एक चूक मात्र सगळीकडे होते. थंडी म्हणून गोठा चारही बाजूंनी घट्ट बंद करतात. आत मुताचा अमोनिया साचतो, श्वासाची वाफ छताला लागून परत अंगावर ठिबकते, आणि आठवड्याभरात वासरांना न्यूमोनिया होतो. वाऱ्याची बाजू बंद हवी आणि छपराखालची फट उघडी हवी. पहाटे गोठ्यात शिरताना डोळे चुरचुरले तर हवा कोंडली आहे असे समजावे.

*

२०११ च्या जनगणनेत देशभरात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर नोंदली गेली. त्यांतली दोन लाखांहून जास्त महाराष्ट्रात होती.

थंडीत उघड्यावर झोपणाऱ्या माणसाची उष्णता चार वाटांनी जाते. वर आभाळाकडे, खाली फरशीकडे, बाजूने वाऱ्याकडे, आणि कपडे ओले असतील तर त्यांच्यातून उडणाऱ्या पाण्याबरोबर. दान म्हणून कांबळे दिले जाते ते पहिल्या आणि तिसऱ्या वाटेवर काम करते. फरशीवर टेकलेल्या अंगाखाली तेच कांबळे दाबले जाते, त्यातली हवा निघून जाते आणि त्याचा उपयोग फार कमी होतो. नाशिकच्या गोदाघाटावरचे दगड असोत किंवा दिल्लीच्या उड्डाणपुलाखालचे काँक्रीट, रात्रभर ते अंगातली ऊब शोषत राहतात. जाड पुठ्ठ्याचे चार थर, भाताचा पेंढा भरलेले पोते किंवा फोमची चटई, एवढे खाली असेल तर एका कांबळ्याचे काम दुप्पट होते. कांबळे वाटायला जाणाऱ्यांनी सोबत खाली घालायचे काही न्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुठ्ठा कोणत्याही दुकानाच्या मागे फुकट मिळतो.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. आधी जोराची हुडहुडी भरते. मग बोलणे जड होते, पाय अडखळतात, माणूस गोंधळतो. पुढे हुडहुडी थांबते, आणि सोबत्यांना वाटते की आता याला बरे वाटते आहे. तीच सर्वांत धोक्याची वेळ. काही माणसे या अवस्थेत अंगावरचे कपडे काढून टाकतात, कारण आकसलेल्या रक्तवाहिन्या अचानक सैल पडतात आणि त्यांना उकडल्यासारखे वाटते. अडखळणारा, असंबद्ध बोलणारा माणूस दारू प्यायलेला आहे असे समजून लोक पुढे निघून जातात. तो प्यायलेला असला तरी थंडीने मरत नाही असे नाही, उलट दारूने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि ऊब अधिक वेगाने जाते. अशा माणसाचे ओले कपडे बदलावेत, छाती-पोट आधी झाकावे, शुद्धीत असेल तर कोमट गोड पाणी द्यावे आणि १०८ ला फोन करावा. हातपाय चोळू नयेत. हातापायांतले गार रक्त एकदम हृदयाकडे आले तर ते झेपत नाही. बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी पेटवणे त्याहून वाईट. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. दर हिवाळ्यात अशी माणसे झोपेतच जातात.

छप्पर हाच इलाज आहे हे कायद्याला मान्य व्हायला एक वाईट हिवाळा लागला. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत पुसा रोडवरचा एक तात्पुरता रात्रनिवारा महापालिकेने पाडला आणि तिथली माणसे ऐन थंडीत उघड्यावर आली. मृत्यूच्या बातम्या आल्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये दिल्लीला तातडीने निवारे उभारण्याचा आदेश दिला, आणि पुढे तो इतर राज्यांच्या मोठ्या शहरांना लागू केला. एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा, चोवीस तास उघडा निवारा, हे प्रमाण तेव्हापासून चालत आले आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने माणशी पन्नास चौरस फूट जागा ठरवली.

तरीही लाटेच्या रात्री निवाऱ्यात खाटा रिकाम्या आणि बाहेर फुटपाथ भरलेले, असे चित्र दिसते. ते पाहून 'यांनाच यायचे नाही' असे म्हणणाऱ्यांनी कारणे विचारावीत. नवरा एका निवाऱ्यात आणि बायको-मुले दुसऱ्यात, हे कुटुंबाला नको असते. हमाल पहाटे तीनला मंडईत लागतो, आणि निवारा मंडईपासून चार किलोमीटर. हातगाडी बाहेर ठेवली तर सकाळी जागेवर नसते. गोधड्यांत उवा-ढेकूण असतात. कुठे आधार कार्ड मागतात. जिथे निवारा मंडई, स्टेशन किंवा मजूर अड्ड्याच्या जवळ आहे, सामानाला कुलूप आहे आणि कुटुंबाला एकत्र राहता येते, तिथे तो भरतो.

*

२०१२ पासून थंडीची लाट आणि हिमदंव यांना केंद्राच्या आपत्तींच्या यादीत जागा मिळाली. त्यानुसार मृत्यूमागे चार लाख रुपये, आणि ३३ टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेले तर मदत मिळू शकते. अडचण पुराव्याची येते. पूर आला की पाण्याची खूण भिंतीवर राहते. हिमदंवाची खूण सूर्य उगवला की वितळते. करपलेले पान पहिल्या सकाळी शिजवल्यासारखे पाणचट हिरवे दिसते, दुपारपर्यंत काळवंडते, आणि चार दिवसांनी पंचनामा होतो तेव्हा ते रोगाने गेले की थंडीने, यावर वाद होतो. फळपीक विम्याचा हिशेब महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्यावर ठरतो. केंद्र उंचवट्यावर आणि बाग ओढ्याकाठी असेल तर शेतकऱ्याच्या बाजूने आकडा बोलत नाही. म्हणून पहाटे सूर्योदयाच्या आधी फोटो काढावा. पिकाच्या उंचीवर, काठीला उघडा टांगलेला साधा तापमापक त्या फोटोत असावा, फोटोवर तारीख-वेळ उमटावी, आणि तो त्याच दिवशी तलाठी व कृषी सहायकाला पाठवावा. विमा असेल तर ७२ तासांच्या आत कंपनीलाही कळवावे.

माणसाच्या बाबतीत हे आणखी अवघड आहे. थंडीने मेलेल्याच्या शवविच्छेदनात ठाम सांगता येईल अशी खूण बहुधा सापडत नाही. जठराच्या अस्तरावर काही वेळा बारीक काळपट ठिपके दिसतात, पण प्रत्येकात नाहीत. मग नोंद 'हृदयक्रिया बंद पडून' किंवा 'नैसर्गिक' अशी होते. रस्त्यावरच्या माणसाला आधीपासून क्षय, कुपोषण किंवा दारू यांपैकी काहीतरी असतेच, त्यामुळे दोष तिकडे जातो. पहिल्या पोलिसाने तिथे पोचताच देह कुठे, कशावर, किती कपड्यांत होता, कपडे ओले होते का, अंगाखाली काय होते आणि त्या रात्री जवळच्या केंद्रावर किती अंश नोंदले गेले, एवढे पंचनाम्यात लिहिले, तर डॉक्टरला कारण लिहिता येते आणि वारसाला मदत मागता येते. कागदावर हे पाच ओळींचे काम आहे, आणि लाटेचा इशारा जाहीर झाला की त्या आठवड्यापुरता असा छापील नमुना शहरातल्या प्रत्येक ठाण्यात ठेवता येईल.